दहा आठवड्यांची विक्री, होल्टची पद्धत आणि उणे अंदाज: नेमकं कुठे चुकतंय?

सिन्नरवेस
अंबडच्या युनिटमधून ज्वारीच्या लाह्यांच्या चिवड्याचं २०० ग्रॅमचं पाकीट बाजारात आणलंय. एका पेटीत ३० पाकिटं. नाशिक शहर, सिन्नर आणि ओझर-निफाड असे तीन वितरक आहेत. पुढच्या चार आठवड्यांचं उत्पादन ठरवायचंय आणि हाताशी इतिहास फक्त दहा आठवड्यांचा. वितरकांना गेलेल्या पेट्या आठवड्यागणिक अशा:

१२०, ९५, ४०, ५२, ५५, ६३, ६६, ७४, ७६, ८४

विक्री वाढती आहे, म्हणून ट्रेंडसह एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग, म्हणजे होल्टची पद्धत, एक्सेलमध्ये मांडली. पातळी किती वेगाने बदलायची तो अल्फा ०.३, ट्रेंड किती वेगाने बदलायचा तो बीटा ०.१. सुरुवातीची पातळी दुसऱ्या आठवड्याची विक्री ९५ आणि सुरुवातीचा ट्रेंड ९५ वजा १२०, म्हणजे उणे २५. एका ट्रेनिंगच्या नोट्समध्ये असंच दिलं होतं. सातव्या आठवड्याचा अंदाज उणे १.६ पेटी आला आणि अकराव्याचा १८ पेट्या. प्रत्यक्षात ८४ जात आहेत. सूत्रं तीनदा तपासली. चूक कुठे आहे?

पंचवटी_पूल
अल्फा-बीटा मनाने का घेतलेत? सॉल्व्हर लावा, चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायला सांगा, तो बरोबर आकडे काढून देईल. ०.३ आणि ०.१ हे काही वेदवाक्य नाही.

हिशेबनीस
सूत्रं बरोबर आहेत, सुरुवात चुकली आहे. इतिहास छोटा असला की सुरुवातच निकाल ठरवते.

होल्टमध्ये आठवड्याच्या चुकीतला अल्फा गुणिले बीटा एवढाच हिस्सा ट्रेंडमध्ये जातो. तुमच्याकडे तो ०.३ × ०.१ = ०.०३ आहे, म्हणजे शंभर पेट्यांची चूक झाली तर ट्रेंड तीन पेट्यांनी हलतो. तुमची खरी वाढ आठवड्याला सहाच्या आसपास दिसते. उणे २५ वरून अधिक ६ वर यायला ३१ पेट्यांची दुरुस्ती हवी आणि त्यासाठी एकूण हजाराच्या वर पेट्यांची चूक साठावी लागेल. आठ आठवड्यांत ते होणार नाही. शंभर आठवड्यांचा इतिहास असता तर सुरुवातीची घाण धुऊन गेली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुमच्या नोट्स बहुधा तशा लांब मालिकेसाठी लिहिल्या असाव्यात.

आता उणे २५ आलं कुठून ते बघा. पहिल्या दोन आठवड्यांत २१५ पेट्या गेल्या. त्या गिऱ्हाइकाने खाल्ल्या का? नाही. त्या वितरकांच्या गोडाऊनमध्ये आणि दुकानांच्या फळीवर गेल्या. ती मागणी नाही, नुसता माल भरणं आहे. म्हणून दुसऱ्या आठवड्यात आकडा पडला आणि तिसऱ्यात कोसळला. ते दोन आठवडे मालिकेतून काढून टाका.

पण तेवढ्यानेही भागत नाही. दर आठवड्याला नवी दुकानं जोडली जात असतील तर त्यांची पहिली ऑर्डरही असाच भरणा आहे. वितरकांकडून दोन आकडे मागवा: कोणत्या आठवड्यात किती नवी दुकानं आली, आणि नव्या दुकानाला पहिल्यांदा किती पेट्या दिल्या.

लासलगाव_मार्ग
चांगला धागा. हीच पद्धत उन्हाळ कांद्याच्या भावाला लावता येईल का? मार्चपासूनचे भाव रोज लिहून ठेवलेत.

हिशेबनीस
@लासलगाव_मार्ग, इथे प्रश्न मागणीचा आहे, भावाचा नाही. भाव आवकेवर, निर्यातीच्या निर्णयावर आणि चाळीतल्या साठ्यावर एका दिवसात पलटतो. मागची चाल पुढे ओढत नेणारी पद्धत नेमकी पलटायच्या दिवशी सर्वांत मोठी चूक करते आणि तुमचं नुकसानही त्याच दिवशी होतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

अनघा_नि
सिन्नरवेस, @पंचवटी_पूल यांनी सुचवलेला सॉल्व्हर लावण्याआधी थोडं थांबा. हिशेबनीसांनी सांगितलेले आकडे आले की मग लावून बघा, काय होतं ते दिसेल.

सिन्नरवेस
तिघांनाही फोन करून आकडे काढले. सुरुवातीला १०४ दुकानं होती. तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यात नवी दुकानं अनुक्रमे २, ७, ५, ४, ४, ४, ५, ६. प्रत्येकाला पहिल्यांदा एक पेटी. ती वजा करून दुकानांनी पुन्हा मागवलेल्या, म्हणजे परतीच्या, ऑर्डरी अशा राहतात:

३८, ४५, ५०, ५९, ६२, ७०, ७१, ७८

आता दुकानं १४१ झाली आहेत. तिन्ही वितरकांच्या लाइनवर आपला माल ठेवू शकतील अशी दुकानं साधारण १८० आहेत, त्याहून जास्त नाहीत.

हिशेबनीस
झकास. आता आठ आकडे आहेत. पहिल्या चारांवर सरळ रेषा बसवा, त्यातून सुरुवात घ्या आणि उरलेल्या चारांवर पद्धत तपासा. ३८, ४५, ५०, ५९ यांचा उतार ६.८ येतो आणि सहाव्या आठवड्याला रेषा ५८.२ वर असते. पातळी ५८.२, ट्रेंड ६.८.

दोन आकड्यांच्या फरकापेक्षा चार आकड्यांचा उतार घ्यायचा, कारण एका आठवड्याचा चढउतार फरकात पुरा उतरतो, उतारात विरघळतो.

शीट अशी मांडा. तिसरा आठवडा दुसऱ्या ओळीत येईल. A मध्ये आठवडा, B मध्ये विक्री, C अंदाज, D चूक, E पातळी, F ट्रेंड. J1 मध्ये अल्फा, J2 मध्ये बीटा आणि J3 मध्ये तूर्त 1.

```
F5: =SLOPE(B2:B5,A2:A5)
E5: =FORECAST.LINEAR(6,B2:B5,A2:A5)
C6: =E5+$J$3*F5
D6: =IF(B6="",0,B6-C6)
E6: =C6+$J$1*D6
F6: =$J$3*F5+$J$1*$J$2*D6
```

सहावी ओळ खाली नवव्या ओळीपर्यंत ओढा. अल्फा ०.४, बीटा ०.२ घ्या आणि D रकान्यातल्या चुकांची चिन्हं आधी बघा, आकडे नंतर.

सिन्नरवेस
सातव्या ते दहाव्या आठवड्याच्या चुका: −३.०, −०.४, −५.७, −२.५. शेवटी पातळी ७९.५, ट्रेंड ५.९. पुढचे चार आठवडे ८५, ९१, ९७, १०३. एकूण ३७७ पेट्या. उणे अंदाज गेला! पण चारही चुका एकाच बाजूच्या आहेत.

आणि सॉल्व्हरही लावून बघितला. अल्फा ०.४४, बीटा थेट १.

पंचवटी_पूल
मग झालं की, बीटा १ घ्या. त्याने चुका कमी झाल्या असणारच.

अनघा_नि
कमी झाल्या, पण चार आकड्यांवर. चार चुका आणि त्यातून दोन गुणांक काढायचे म्हटल्यावर सॉल्व्हर हद्दीच्या कडेला जाऊन बसतो. बीटा १ आला की समजायचं, सॉल्व्हरला जास्त शोधायला मोकळीकच नव्हती. त्याला "उत्तम" म्हणता येत नाही.

नुकसान काय ते आकड्यात बघा. समजा अकराव्या आठवड्यात पावसाने ओझरची गाडी गेली नाही आणि विक्री ६५ झाली. बीटा १ ने ट्रेंड अधिक ४.२ वरून एका फटक्यात उणे ३.२ होतो. म्हणजे एक गाडी चुकली आणि शीट म्हणणार की माल मरायला लागला. बीटा ०.२ ने तोच ट्रेंड ५.९ वरून ४.२ होतो. वाढ मंदावली का अशी शंका घेतो, पण धावत सुटत नाही.

म्हणून छोट्या इतिहासावर अल्फा-बीटा हाताने घ्यायचे: अल्फा ०.३ ते ०.५, बीटा ०.१ ते ०.२. वर्षभराचे आकडे झाले की सॉल्व्हर जरूर लावा.

पंचवटी_पूल
हं, हे पटलं. सॉल्व्हर कडेला जाऊन बसतो हे मी बघितलंय, पण त्याचा अर्थ असा लावला नव्हता.

सातपूर_शेड
आमच्याकडे ऑटोचे सुटे भाग आहेत. नवा पार्ट, १४ आठवडे झालेत: ०, ०, १२, ०, ०, ०, ८, ०, २०, ०, ०, १०, ०, ०. याला अशीच रेषा बसवली तर ट्रेंड जवळजवळ शून्य येतो आणि अंदाज साडेतीनच्या आसपास. साडेतीन पार्ट कुणी मागत नाही. काय करायचं?

हिशेबनीस
तुमच्याकडे शून्यं जास्त आहेत, त्यामुळे तो होल्टचा विषयच नाही. क्रॉस्टनची पद्धत बघा, १९७२ ची आहे. ती मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधलं अंतर यांना वेगवेगळं स्मूद करते. तुमच्या मालिकेत आकार आठ ते वीस, अंतर दोन ते चार आठवडे. साठा ठरवताना "साधारण दर तीन आठवड्यांनी बारा-तेरा" ही भाषा उपयोगी पडते, "आठवड्याला साडेतीन" पडत नाही. पण गिऱ्हाईक कंपनी एकच असेल तर तिचं उत्पादनाचं वेळापत्रक मागून घेणं कुठल्याही सूत्रापेक्षा बरं.

सातपूर_शेड
एकच आहे. वेळापत्रक मागतो. धन्यवाद काका.

हिशेबनीस
परत चिवड्याकडे. @सिन्नरवेस, चारही चुका उणे आल्या हे तुम्ही टिपलंत ते फार बरं केलंत. चुकांची बेरीज उणे ११.६ आणि सरासरी आकार २.९. भागाकार उणे ४. याला ट्रॅकिंग सिग्नल म्हणतात आणि ±४ ला धोक्याची खूण मानण्याची पद्धत आहे. चारच चुका असताना तो याहून वाईट होऊच शकत नाही. अर्थ एवढाच की शीट सतत जास्त सांगतंय, म्हणजे वाढ आधीच मंदावतेय आणि सरळ रेषेला ते दिसत नाही.

आता ती का मंदावतेय ते शीटमध्ये सापडणार नाही, दुकानांत सापडेल. परतीच्या पेट्यांना त्या आठवड्याच्या दुकानांनी भागा. तिसऱ्या आठवड्यात १०६ दुकानांत ३८, म्हणजे दुकानामागे ०.३६. सहाव्यात १२२ दुकानांत ५९, म्हणजे ०.४८. शेवटच्या तीन आठवड्यांत ०.५४, ०.५३, ०.५५.

तुमच्या वाढीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक, दुकानामागची विक्री. ती सुरुवातीला झपाट्याने चढली, कारण पहिली पेटी फळीवर संपेपर्यंत दुकानदार पुन्हा मागवत नव्हता. ती चढण आता जवळपास संपली आहे. दुसरी, दुकानांची संख्या. ती अजून वाढतेय, पण १८० ला थांबणार. म्हणून कमाल मर्यादा १८० × ०.५५ = ९९ पेट्या. आणि तुमची सरळ रेषा चौदाव्या आठवड्यालाच १०३ म्हणते, जेव्हा दुकानं फार तर १६० झाली असतील.

अनघा_नि
त्या ९९ लाही मी वरची हद्दच म्हणेन. वितरक आधी मोठी, चालती दुकानं धरतो. शेवटची चाळीस बहुधा गल्लीतली छोटी असतात, तिथे ०.५५ होईलच असं नाही.

हिशेबनीस
बरोबर. म्हणून ट्रेंडला लगाम घालायचा. गार्डनर आणि मॅकेन्झी यांनी १९८५ साली होल्टच्या पद्धतीत एक गुणांक घातला, फाय. होल्टची मूळ टिपणं १९५७ ची, अमेरिकन नौदलाच्या संशोधन खात्यासाठी लिहिलेली, तिथे ट्रेंड न संपता पुढे जात राहतो. फाय दर पावलाला ट्रेंड थोडा थोडा मालवत नेतो. तुमच्या शीटमध्ये J3 त्यासाठीच ठेवला होता. तिथे ०.८५ घाला.

पुढचे आठवडे काढताना प्रत्येक पावलाला फाय पुन्हा गुणायचा. पहिल्यासाठी फाय, दुसऱ्यासाठी फाय अधिक फायचा वर्ग, असं. इथे लोक हमखास चुकतात. एकदाच गुणून नंतर आठवड्यांच्या संख्येने गुणतात, मग मालवणं होतच नाही.

सिन्नरवेस
०.८५ घातल्यावर चुका −२.०, +२.०, −२.०, +२.४. चिन्हं आलटून पालटून! पातळी ७६.६, ट्रेंड ३.६. पुढचे चार आठवडे ७९.७, ८२.३, ८४.५, ८६.४. एकूण ३३३. सरळ रेषेपेक्षा ४४ पेट्या कमी, म्हणजे १,३२० पाकिटं.

पण ०.८५ च का? हाही हाताने घेतलेला आकडा नाही का?

हिशेबनीस
हाताने घेतलाय, पण आधार आहे. मालवणारा ट्रेंड शेवटी कुठे जाऊन थांबतो ते काढता येतं: पातळी अधिक ट्रेंड गुणिले फाय भागिले (१ वजा फाय). तुमच्याकडे ७६.६ + ३.६३ × ०.८५ ÷ ०.१५, म्हणजे जवळपास ९७. दुकानांच्या हिशेबाने हद्द ९९ होती. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, म्हणून ०.८५. फाय ०.९५ घेतला असता तर शीट शंभरच्या खूप वर जाऊन थांबलं असतं आणि तेवढी दुकानंच नाहीत. फाय निवडताना शीट कुठे थांबतं ते बघायचं आणि बाजारात तेवढी जागा आहे का ते विचारायचं.

द्वारका_सर्कल
एवढं करण्यापेक्षा एक्सेलमध्ये तयार फंक्शन आहे ना?

```
=FORECAST.ETS(11,B2:B9,A2:A9,1)
```

एका ओळीत काम.

अनघा_नि
आहे, २०१६ च्या आवृत्तीपासून. शेवटचा 1 लिहिलात ते बरं केलंत, तो नसता तर एक्सेल आपणहून हंगाम शोधायला गेलं असतं आणि आठ आकड्यांत हंगाम शोधणं व्यर्थ. पण त्या फंक्शनमध्ये ट्रेंडला लगाम घालायची सोय नाही. चौदाव्या आठवड्यासाठी विचाराल तर ते ट्रेंड सरळच ओढेल. शिवाय सुरुवात कशी घेतली ते दिसत नाही आणि इथे तर सगळी भानगड सुरुवातीचीच होती. पडताळा म्हणून शेजारच्या रकान्यात ठेवा.

गोदाकाठ
दिवाळीचं काय? चिवडा आहे बुवा! विंटर्सची हंगामी पद्धत हवी इथे. नाहीतर दिवाळीच्या आठवड्यात फळी रिकामी राहील आणि घरोघरी ज्वारीच्या लाह्या फोडणीला पडतील.

अनघा_नि
घरच्या फोडणीशी स्पर्धा कुणी करू नये :)

तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. हंगाम आहे, पण विंटर्सला हंगामी गुणक काढायला किमान दोन पूर्ण वर्षं लागतात आणि इथे दहा आठवडे आहेत. गुणक या मालाच्या इतिहासातून निघणारच नाहीत. बाहेरून आणावे लागतील. सिन्नरवेस, तुमचा जुना पोह्यांचा चिवडा असेलच. त्याच्या दिवाळीआधीच्या तीन-चार आठवड्यांच्या विक्रीला त्याच्याच साध्या आठवड्यांच्या सरासरीने भागा. तो गुणक नव्या मालाच्या अंदाजाला लावा.

त्याहून महत्त्वाचं दिवाळीनंतर. ते चार आठवडे शीटमध्ये जसेच्या तसे घातलेत तर होल्ट त्यांना ट्रेंड समजेल आणि नोव्हेंबरभर जास्त सांगत बसेल. दिवाळीची विक्री आधी त्याच गुणकाने भागा, मग B रकान्यात लिहा.

रामकुंड_वारा
आणि सिंहस्थ? तेव्हा शहरात येणारी माणसं कुठल्या गुणकात बसवायची?

अनघा_नि
कुठल्याच नाही. बारा वर्षांनी येणारी गोष्ट इतिहासातून काढता येत नाही. मार्गावरची दुकानं मोजा, त्यांच्यासाठी वेगळा आकडा धरा आणि तो मूळ मालिकेत मिसळू नका. ते आठवडे शीटमध्ये रिकामे ठेवायचे. रिकाम्या आठवड्यात पातळीला फक्त मालवलेला ट्रेंड जोडला जातो, चूक शून्य धरली जाते.

मोजमाप
एक गोष्ट कुणी विचारली नाही. नवव्या आठवड्यात ७१ च का? सगळीकडे वाढ आणि तिथेच एक पेटी. माल संपला होता का?

सिन्नरवेस
हो. तपासलं. नवव्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार शहराच्या वितरकाकडे माल नव्हता. पाउच संपले होते. साधारण पाच पेट्यांची मागणी राहिली असेल असं तो म्हणतो.

मोजमाप
मग ७१ ही विक्री आहे, मागणी नाही. ७६ धरायला हवेत. आणि वाढ मंदावली हा सगळा निष्कर्ष त्या एका आठवड्यावर उभा नाही ना?

हिशेबनीस
फार चांगला प्रश्न. ७६ घालून दोन्ही शीट पुन्हा चालवली. सरळ होल्टमध्ये नवव्याची चूक उणे ०.७ होते, पण दहाव्याची उणे ४.९ होते. चारही चुका अजून उणेच. म्हणजे मंदावणं खरं आहे. लगाम घातलेल्या शीटमध्ये नवव्याला अधिक ३.०, दहाव्याला जवळजवळ शून्य. चार आठवड्यांची बेरीज ३३३ ऐवजी ३४०. सात पेट्यांचा फरक.

मोजमाप
पण गुरुवार-शुक्रवारी न मिळालेल्यातली काही दुकानं दहाव्या आठवड्यात जास्त घेऊन गेली असतील तर? मग दहाव्याचे ७८ फुगलेले आहेत. पाच पेट्या नवव्यात वाढवून दहाव्यातून काही वजा करायला हव्यात.

हिशेबनीस
ते वितरकाच्या बिलांवरून कळेल, इथे बसून नाही. मी नवव्यात वाढवेन आणि दहावा तसाच ठेवेन, कारण फळी रिकामी असताना गिऱ्हाइकाने दुसरा चिवडा घेतलेला असतो, तो पुढच्या आठवड्यात दोन पाकिटं घेत नाही.

मोजमाप
गिऱ्हाईक नाही घेत, पण दुकानदार घेतो. एकदा माल मिळाला नाही की पुढच्या वेळी एकाऐवजी दोन पेट्या सांगतो. माझं मत दहाव्यातून दोन-तीन पेट्या काढायच्या.

हिशेबनीस
तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही. दुकानदाराची ती सवय मलाही मान्य आहे. निदान शीटमध्ये एक जादा रकाना ठेवा: "माल संपला होता का, किती दिवस". ही माहिती मिळाली नसती तर हा वादही करता आला नसता.

सिन्नरवेस
मग आता ठरवतो असं: परतीच्या ऑर्डरींसाठी ३४०, नव्या दुकानांच्या पहिल्या पेट्या आठवड्याला पाच धरून २०, एकूण ३६०. वर थोडा जादा साठा. तो किती ठेवावा? चुका तर दोन पेट्यांच्या आसपास आहेत.

अनघा_नि
त्या दोन पेट्यांवर विसंबू नका. फाय निवडताना याच चार चुका बघितल्या होत्या, त्यामुळे त्या दिसतात त्याहून खऱ्या चुका मोठ्या असणार. शिवाय ती चूक एका आठवड्यापुढची आहे आणि तुम्हाला चार आठवड्यांची बेरीज हवीय. ट्रेंड एका पेटीने चुकला तर चौथ्या आठवड्यापर्यंत ती चूक साठत जाते. फाय ०.८५ ने चार आठवड्यांत मिळून जवळपास सात पेट्या होतात. मी सुरुवातीला २० ते २५ पेट्या जादा ठेवेन आणि आठ नव्या चुका जमल्या की कमी करेन. तुमचा माल किती महिने टिकतो?

सिन्नरवेस
चार महिने. २५ पेट्या आठवड्याच्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहेत, पडून खराब होणार नाहीत.

खरी अडचण पाउचची आहे. छापील रोल मागवला तर किमान ऑर्डर पाच-सहा महिन्यांची होते. त्यासाठी हेच शीट २४ आठवडे पुढे ओढू का?

हिशेबनीस
नको. दहा आठवड्यांच्या इतिहासावर चार-पाच आठवड्यांपुढे हे शीट वापरूच नका. चोवीस आठवड्यांनी ते फक्त ९७-९९ असं सांगेल आणि तो आकडा पद्धतीने शोधलेला नाही, आपण फायमधून घातलेला आहे. दुकानांची संख्या आणि दुकानामागची विक्री यावरूनच तो हिशेब करा, तोही दोन प्रकारे: दुकानामागे ०.४५ आणि ०.५५. दोन्ही आकड्यांत रोल चार महिन्यांत संपत असेल तर मागवा. नसेल तर आणखी दोन महिने साध्या पाउचवर लेबल लावून चालवा. पाकिटामागे थोडं महाग पडेल, पण मजकूर बदलावा लागला तर रोल भंगारात जाणार नाही.

सिन्नरवेस
अकरावा आठवडा संपला. परतीच्या ऑर्डरी ८१, नवी दुकानं ३. ७६ धरलेल्या शीटचा अंदाज ८१.२ होता. माल एकही दिवस संपला नाही.

नवी दुकानं सहावरून तीनवर आलीत, म्हणजे पहिल्या पेट्यांचे २० मी आता १४ करतोय. आणि एक प्रश्न: पुढच्या महिन्यात मालेगावचा वितरक सुरू होतोय, त्याला पहिल्या फेरीत ६० पेट्या जातील. त्या याच मालिकेत घालू का?

हिशेबनीस
अजिबात नको, नाहीतर १२०, ९५, ४० चा खेळ पुन्हा सुरू होईल. मालेगावचं वेगळं शीट उघडा. ६० पेट्या भरणा म्हणून बाजूला लिहा, पहिले दोन-तीन आठवडे सोडा आणि चार परतीचे आठवडे जमले की तिथे सुरुवात काढा. तोपर्यंत मालेगावचा अंदाज दुकानं गुणिले दर असाच. दर नाशिकचा ०.५५ धरू नका, नाशिकच्या पहिल्या आठवड्यांसारखा ०.३६ पासून चढता धरा.

मोजमाप
आणि माल संपल्याचा रकाना मालेगावच्या शीटलाही पहिल्या दिवसापासून. दहाव्या आठवड्याची बिलं मिळाली तर इथे टाका, तो वाद अजून बाकी आहे.

सिन्नरवेस
सोमवारी वितरकाकडे जातोय, दहाव्या आठवड्याची दुकानवार बिलं काढून आणतो.